तीन मणी, एक तार

ताणलेल्या तारेत तीन सारखे मणी सारख्या अंतरावर ओवले, की त्यांच्या कंपनाचं मॅट्रिक्स तयार होतं: मुख्य कर्णावर २, लगतच्या दोन कर्णांवर −१, बाकी शून्य. त्याची आयगेनमूल्यं काढायला घनसमीकरणाशी झटापट कशाला? मण्यांची उंची sin θ, sin २θ, sin ३θ धरा. कुठल्याही मण्याच्या दोन्ही शेजाऱ्यांची बेरीज त्याच्या स्वतःच्या उंचीच्या २cos θ पट भरते. म्हणून प्रत्येक ओळ एकच मूल्य देते: २ − २cos θ.

खरी मेख टोकांशी आहे. शून्यावी जागा आपोआप स्थिर राहते; चौथीही स्थिर हवी, म्हणजे sin ४θ = ०. म्हणून θ = ४५°, ९०°, १३५° आणि मूल्यं २−√२, २, २+√२. मणी n असतील, तर ४ च्या जागी n+१. मात्र एक टोक मोकळं सोडलं, तर कोपऱ्यातला आकडा बदलतो आणि हे कोन चालत नाहीत.