खोकल्याचा रकाना

डी.फार्म.च्या दुसऱ्या वर्षी औषधशास्त्राच्या नोट्सवरून तक्ता करताना गट, कार्यपद्धती आणि दुष्परिणाम हे रकाने शेजारी ठेवावेत. दुष्परिणामाचे कारण बहुधा कार्यपद्धतीतच सापडते. रक्तदाबावरचे एनालाप्रिल एसीई हे एन्झाइम रोखते, त्यामुळे रक्तवाहिन्या आकसवणारे अँजिओटेन्सिन-२ कमी तयार होते. पण हेच एन्झाइम ब्रॅडिकायनिनही मोडते. ते साचले की काही रुग्णांना कोरडा खोकला लागतो. लोसार्टान मात्र अँजिओटेन्सिन-२चा रिसेप्टरच अडवते, एन्झाइमला हात लावत नाही. म्हणून तिथे खोकला क्वचितच. नोट्समध्ये दोन्ही औषधे अनेकदा एकाच शीर्षकाखाली असतात आणि जशीच्या तशी उतरवली की लोसार्टानपुढेही ‘खोकला’ लिहिला जातो. त्यांच्या ओळी वेगळ्याच हव्यात. पोटॅशियम वाढण्याचा धोका तेवढा दोन्हींपुढे लिहावा.