फीट आली तर आधी घड्याळ बघा : होडीवर, घरात आणि शाळेत काय करायचं

बंदीचे दोन महिने, म्हणजे १ जून ते ३१ जुलै, होड्या वर असतात आणि घरची माणसं घरात असतात. म्हणून सोसायटीने याच दिवसांत दोन बैठका घ्यायचं ठरवलं आहे. एक मच्छीमार कुटुंबांची आणि दुसरी आपल्या मुलांच्या शाळेतल्या शिक्षकांची. विषय एकच, फीट. कोणी आकडी म्हणतं, कोणी फेफरं, डॉक्टर अपस्मार म्हणतात. हा विषय का घेतला, ते गेल्या हंगामात आपल्या जेटीवरच्या एका ट्रॉलरवर जे झालं त्यावरून कळेल.

खलाशी पंचविशीतला, परराज्यातला. त्याला लहानपणापासून फिटा यायच्या, गोळ्यांवर तीन वर्षं बंद होत्या. हे त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं तर काम जाईल ही भीती. गोळ्या चार दिवसांच्या घेऊन निघाला आणि फेरी लांबली सहा दिवसांवर. शेवटच्या दोन रात्री जाळी ओढण्यात झोप जवळजवळ नाही. सहाव्या पहाटे तो डेकवर एकदम ओरडला, ताठ झाला, पडला आणि हातपाय झटकायला लागला. तोंडाला फेस, ओठ निळसर.

बाकीच्यांनी जे पाहिलं-ऐकलं होतं तेच केलं. दोघांनी हातपाय दाबून धरले, एकाने कांदा फोडून नाकाला लावला, एकाने हातात लोखंडी चावी दिली आणि तांडेलाने दात उघडायला चमचा घातला. फीट थांबली, पण पुढचा दात तुटला आणि खांदा आठ दिवस दुखत होता. सगळ्यांना वाटलं कांद्याने थांबली. मंडळी, ती कांद्याने थांबली नाही. मेंदूत विजेसारखी जी गडबड उसळते ती बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत आपोआप शमते. तेवढ्या वेळात जो हातात असतो, कांदा असो, चप्पल असो की चावी, त्याला श्रेय मिळतं. दात मात्र चमच्यानेच तुटला.

मग करायचं काय? पहिलं काम म्हणजे घड्याळ बघणं. फीट बघताना एक मिनिट दहा मिनिटांसारखं वाटतं, म्हणून अंदाजावर जाऊ नका, मोबाईलवर वेळ बघा. दुसरं, आजूबाजूचं धोक्याचं दूर करा. डेकवर विंच बंद करा, दोर आणि हूक बाजूला घ्या, माणूस कठड्याजवळ असेल तर मधे आणा. डोक्याखाली शर्ट किंवा गुंडाळलेला टॉवेल द्या, गळ्याजवळचं बटण सैल करा. हातपाय दाबू नका, त्याने खांदा निखळू शकतो. तोंडात काहीही घालू नका, पाणीसुद्धा नाही. जीभ गिळली जात नाही. कडेला चावली जाते आणि फेसात थोडं रक्त दिसतं, ते बघून घाबरू नका. झटके कमी झाले की त्याला कुशीवर वळवा, म्हणजे लाळ आणि उलटी बाहेर पडेल, श्वासनळीत जाणार नाही. मग तो गाढ झोपेल किंवा गोंधळल्यासारखा बोलेल. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत कोणीतरी जवळच बसा.

पाच मिनिटं झाली तरी झटके चालू असतील तर थांबायचं नाही. पाच मिनिटांपुढे गेलेली फीट आपोआप थांबण्याची शक्यता कमी होते, तिला औषधाने थांबवावं लागतं. जमिनीवर असाल तर १०८, समुद्रात असाल तर व्हीएचएफ चॅनल १६ वर किंवा कोस्ट गार्डला १५५४ वर कळवा आणि होडी किनाऱ्याकडे वळवा. शुद्ध न येता दुसरी फीट आली, आयुष्यातली पहिलीच असली, बाई गरोदर असली, डोक्याला मार लागला किंवा श्वास नीट परत आला नाही, तर पाच मिनिटं मोजत बसू नका, लगेच मदत बोलवा.

माणूस पाण्यात असताना फीट आली तर गोष्ट वेगळी. डोकं मागे कलवून तोंड पाण्याच्या वर धरून ठेवा, झटके थांबल्यावर बाहेर काढा. श्वास नसेल तर लगेच छातीदाब आणि तोंडाने श्वास सुरू करा. नंतर तो ठणठणीत दिसला तरी दवाखान्यात न्यायचाच, कारण फुफ्फुसात पाणी गेलेलं असू शकतं आणि त्याचा त्रास काही तासांनी सुरू होतो.

आता त्या खलाशाकडे परत. त्याची फीट का आली? गोळ्या संपल्या आणि झोप नाही, या दोन गोष्टी एकत्र आल्या. आपल्या धंद्यात दोन्ही सोप्या आहेत. म्हणून गोळ्या फेरीच्या दिवसांपेक्षा चार-पाच दिवस जास्त घ्यायच्या आणि दोन ठिकाणी ठेवायच्या, काही स्वतःकडे, काही तांडेलाकडे घट्ट झाकणाच्या डब्यात. खवळलेल्या समुद्रात गोळीनंतर लगेच उलटी झाली तर काय करायचं, एखादी चुकली तर काय करायचं, हे निघण्याआधीच डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्या. उलटीची किंवा झोपेची गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नका. दारूने फीट जवळ येते, हे सांगायला नकोच. आणि बरं वाटतं म्हणून गोळी स्वतः बंद करू नका. डॉक्टर साधारण दोन वर्षं फीट न आल्यावर ती हळूहळू कमी करण्याचा विचार करतात.

मालक लोकांना एक गोष्ट स्पष्ट सांगतो. फिटा चालू असलेल्या माणसाने डेकवर काम करू नये, हे खरं आहे. पण त्याला काढून टाकलंत तर पुढचा माणूस लपवील, आणि लपवणारा जास्त धोक्याचा. त्याला जेटीवर जाळी दुरुस्ती, मोजणी, लिलावाचा हिशेब द्या. डॉक्टरांनी परवानगी दिली की होडीवर, लाईफजॅकेट घालून आणि रात्रपाळीच्या एकट्या कामापासून दूर.

शाळेच्या बैठकीत वेगळ्या प्रकारच्या फिटेबद्दल बोलणार आहोत. काही मुलांना झटके येत नाहीत. बोलता बोलता मूल थांबतं, डोळे एका जागी लागतात, पाच-दहा सेकंदांनी परत चालू. दिवसातून अनेकदा. गुरुजींना वाटतं लक्ष नाही, मग शिक्षा. फरक असा ओळखायचा : स्वप्नात हरवलेलं मूल हाक मारली, खांद्यावर हात ठेवला की जागं होतं, या मुलाला हाक पोचतच नाही आणि मधलं काहीच आठवत नाही. असं दिसलं तर तारीख-वेळ लिहून ठेवा आणि आईबाबांना सांगा, ते डॉक्टरांकडे नेतील. घरी जमलं तर मोबाईलवर व्हिडिओ घ्या, डॉक्टरांना तो वर्णनापेक्षा फार उपयोगी पडतो.

मोठी फीट वर्गात आली तर बाकीची मुलं दुसऱ्या वर्गात पाठवा, दोन मोठी मुलं फक्त मदतीला ठेवा. कपड्यात लघवी झाली असेल तर वरून चादर किंवा ओढणी टाका, तेवढीच लाज वाचते. मूल शुद्धीवर आलं आणि ही त्याची नेहमीसारखी फीट असेल तर झोपू द्या, प्रत्येक वेळी घरी पाठवायची गरज नाही.

यासाठीच सोसायटीने एक पानी कागद तयार केला आहे. त्यावर मुलाची किंवा खलाशाची फीट कशी दिसते, साधारण किती मिनिटं चालते, कोणती गोळी कधी, डॉक्टरांनी नाकात मारायचा फवारा दिला असेल तर तो कुठे ठेवला आहे आणि कितव्या मिनिटाला द्यायचा, कोणाला फोन करायचा, एवढंच लिहायचं. फवाऱ्याचं प्रमाण मुलाच्या वजनावर ठरतं, ते डॉक्टरच लिहितील. एक प्रत घरात, एक शाळेत किंवा होडीवर. उपचारासाठी कुठे जावं हे ज्यांना माहीत नाही त्यांना आधी जवळच्या आरोग्य केंद्रात आणि तिथून गोमेकॉत, बांबोळीला, पाठवू.

कोरे कागद ऑफिसात बर्फाच्या पावत्या मिळतात त्या खिडकीवर ठेवले आहेत. नाव कोणाला सांगायचं नसेल तर न सांगता घेऊन जा.