कंपनीचं नाव कळल्याशिवाय सीव्ही पाठवू नका

‘हाय, तुमचं प्रोफाइल पाहिलं. एका नामांकित मल्टिनॅशनल कंपनीत सीनिअर डिझाइन इंजिनिअरसाठी उत्तम संधी आहे. अपडेटेड सीव्ही, करंट सीटीसी, एक्स्पेक्टेड सीटीसी आणि नोटीस पिरियड कळवा.’

पुण्या-मुंबईत चार-पाच वर्षं नोकरी झालेल्या माणसाला असा निरोप अधूनमधून येतोच. कधी लिंक्डइनवर, कधी नोकरी डॉट कॉमवरचं प्रोफाइल बघून ईमेलने, हल्ली तर थेट व्हॉट्सॲपवर. निरोप पुन्हा एकदा वाचून बघा. त्यात तुमच्याकडे चार गोष्टी मागितल्या आहेत आणि तुम्हाला एकही सांगितलेली नाही. कंपनी कोणती, काम चाकणला की बंगळुरूला, पगार किती, कशाचा पत्ता नाही.

ज्याची नोकरी गेली आहे त्याला हा हिशेब करत बसायला सवड नसते. पण तुमची नोकरी चालू आहे, साहेब बरे आहेत, पगार वेळेवर होतो आणि तरीही ‘बघायला काय हरकत आहे’ असं मनात आलं आहे. अशा वेळी बहुतेक जण दोनपैकी एक करतात. निरोप तसाच पडू देतात, नाहीतर रात्री जेवण झाल्यावर सीव्ही, पगार, सगळं पाठवून मोकळे होतात. दुसऱ्या प्रकारात नुकसान जास्त आहे. ते का, हे कळायला निरोप पाठवणाऱ्याचं पोट कशावर चालतं ते माहीत हवं.

हे लोक ढोबळमानाने दोन प्रकारचे. एक, कंपनीच्याच एचआर विभागातले, पगारी. त्यांना कंपनीचं नाव लपवायचं सहसा कारण नसतं आणि त्यांचा ईमेल कंपनीच्या नावाने येतो. दुसरे कन्सल्टन्सीवाले. त्यांना कंपनीकडून पैसे मिळतात ते उमेदवार प्रत्यक्ष रुजू झाल्यावरच. आपल्याकडे रूढ दर ८.३३ टक्के, म्हणजे वार्षिक सीटीसीचा बारावा हिस्सा, एका महिन्याचा पगार. उमेदवार दोन-तीन महिन्यांत सोडून गेला, तर बदली माणूस फुकट द्यायचा किंवा पैसे परत करायचे, अशी अटही बहुतेक करारांत असते. शिवाय तीच जागा भरायचं काम एकाच वेळी आणखी तीन-चार कन्सल्टन्सींकडे असू शकतं. तुमचा सीव्ही ज्याने आधी पोचवला, त्याचा तुमच्यावर हक्क. तो हक्क कंपनीच्या नोंदीत काही महिने, कुठे वर्षभरही टिकतो.

म्हणूनच त्याला घाई असते आणि म्हणूनच तो नाव सांगत नाही. नाव कळलं तर तुम्ही थेट अर्ज कराल किंवा तिथल्या मित्राकडून रेफरल घ्याल, ही त्याची भीती अगदी खरी आहे. त्यात लबाडी असतेच असं नाही. पण तिचा भार तुम्ही का उचलायचा? समजा, तुम्ही नाव न विचारता सीव्ही दिला. पुढच्या महिन्यात दुसऱ्या कन्सल्टन्सीचा फोन आला, तिलाही दिला. दोघींनी तो एकाच कंपनीत टाकला. आता कमिशन कोणाचं, हा वाद कंपनीला नको असतो आणि तो टाळायचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे तुमचाच अर्ज बाजूला ठेवणं. तुम्हाला हे कुणी सांगतही नाही. त्याहून वाईट म्हणजे ती ‘नामांकित कंपनी’ तुमच्याच कंपनीची दुसरी शाखा, किंवा तुमच्या साहेबांचे जुने सहकारी जिथे बसतात ती निघू शकते. वाहन उद्योगासारख्या क्षेत्रात पुण्यात सगळे सगळ्यांना ओळखतात.

तेव्हा पहिलं उत्तर आखूड असावं, एक-दोन दिवसांत द्यावं आणि त्यात माहिती देण्यापेक्षा मागणी जास्त असावी. लिहिणार आपण इंग्रजीतच, पण आशय असा:

‘निरोपाबद्दल धन्यवाद. सध्या मी नोकरी शोधत नाही. काम आवडीचं आहे. पण योग्य जागा असेल तर ऐकायला तयार आहे. कंपनीचं नाव, कामाचं ठिकाण, या जागेसाठी ठरलेली पगाराची मर्यादा आणि जेडी पाठवाल का? ते पाहून पुढे बोलायचं की नाही ते कळवतो. तोपर्यंत माझी माहिती कुठेही पाठवू नये, ही विनंती.’

यातलं शेवटचं वाक्य संकोचून गाळू नका. परवानगीशिवाय प्रोफाइल पुढे ढकलणं या धंद्यात सर्रास चालतं, आणि सीव्ही पाठवला नाही तरी नोकरी डॉट कॉमवरून तो उतरवून घेता येतो. लेखी नकार असला की निदान वादाच्या वेळी दाखवायला कागद राहतो. आणि ‘शोधत नाही’ हे जर खरं असेल तर ते सांगण्यात तोटा नाही. रिक्रूटरच्या लेखी नोकरीत असलेला, चांगलं चाललेला माणूस हाच जास्त मोलाचा.

हा निरोप ऑफिसच्या ईमेलवरून किंवा ऑफिसच्या लॅपटॉपवरून मात्र नको. त्या यंत्रावरचं काय काय पाहायचं हे कंपनी ठरवते. लिंक्डइनवर ‘ओपन टू वर्क’ची खूण फक्त रिक्रूटरना दिसेल अशी सोय आहे, तुमच्या कंपनीतल्या रिक्रूटरपासून ती लपवायचा प्रयत्न लिंक्डइन करतं, पण तशी हमी देत नाही. किंचितच रस असलेल्याने ती खूण लावूच नये, असं माझं मत.

उत्तराला काय उत्तर येतं त्यावरून बरंच कळतं. नाव, जेडी आणि आकडा आला तर समोरचा कामाचा माणूस. ‘नाव आता सांगता येत नाही, पण फोनवर सांगतो’ असं आलं तरी चालेल. पंधरा मिनिटं द्या, संध्याकाळी घरी आल्यावर. पण फोनवरही नाव नाही आणि सीव्हीचा धोशा चालूच, तर ती जागा अस्तित्वातच नसेल. पुढेमागे लागतील म्हणून सीव्ही गोळा करणारेही असतात. रजिस्ट्रेशनसाठी पैसे मागितले की ती सरळ फसवणूक समजावी. पॅन, आधार, जन्मतारीखही पहिल्या निरोपात देऊ नये. काही मोठ्या कंपन्या तोच उमेदवार दोनदा येऊ नये म्हणून पॅन मागतात हे खरं, पण तो प्रश्न कंपनी कोणती ते कळल्यानंतरचा.

फोनवर पहिला प्रश्न ठरलेला: ‘सर, करंट सीटीसी किती?’ आपल्याकडे हे विचारायला कायद्याची आडकाठी नाही. कॅलिफोर्नियात २०१८ पासून मालकाला उमेदवाराचा जुना पगार विचारायला बंदी आहे, त्यामुळे तिथल्या मराठी वाचकांना हा प्रश्न परतवता येतो. इथे टाळायचा तर सौम्यपणे टाळावा: ‘या जागेचं बजेट काय आहे ते सांगा, माझ्या अपेक्षेत बसत असेल तर पुढे बोलू.’ फारच आग्रह झाला तर खरा आकडा सांगा किंवा सांगायला नकार द्या, पण फुगवून सांगू नका. शेवटी तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा आणि फॉर्म १६ मागतातच, आणि खोटा आकडा तिथे उघडा पडतो.

आकडा आला की हुरळून जायच्या आधी कागद-पेन्सिल घ्या. समजा, आज तुमचा सीटीसी १४ लाख आहे आणि त्यातले १ लाख ४० हजार व्हेरिएबल. बेसिक निम्मा, म्हणजे ७ लाख. कंपनीचा पीएफचा हिस्सा बेसिकच्या १२ टक्के, ८४ हजार. ग्रॅच्युइटीसाठी बेसिकच्या ४.८१ टक्के, साधारण ३४ हजार. हेही सीटीसीतच मोजलेलं असतं. ते सगळं वजा करता खात्रीचे, तुमचा पीएफ आणि कर कापायच्या आधीचे, सुमारे ११ लाख ४२ हजार उरतात. नवी कंपनी १७ लाख म्हणते, पण व्हेरिएबल २० टक्के, म्हणजे ३ लाख ४० हजार. बेसिक साडेआठ लाख, पीएफ १ लाख २ हजार, ग्रॅच्युइटी ४१ हजार. खात्रीचे उरले सुमारे १२ लाख १७ हजार. कागदावर ३ लाखांची वाढ आणि हातात खात्रीने वर्षाला ७५ हजार, महिन्याला सहा हजारांच्या आसपास. पीएफमधले जास्तीचे १८ हजार तुमचेच आहेत, हे खरं. पण उरलेला मोठा हिस्सा कंपनीचं वर्ष कसं जातं यावर. कोथरूडहून हिंजवडीला जाणारा माणूस त्यासाठी चाकणला जाईल का, हे ज्याचं त्याने ठरवावं. माझ्या मते नाही. म्हणून फोनवर ‘सतरा’ ऐकलं की लगेच विचारायचं: यातलं फिक्स्ड किती, आणि गेल्या वर्षी लोकांना व्हेरिएबल प्रत्यक्षात किती टक्के मिळालं?

ग्रॅच्युइटीवरून आठवलं. कायम नोकरीत ती सलग पाच वर्षांनंतर हाती येते. तुमची चार वर्षं तीन महिने झाली असतील तर सोडण्याची खरी किंमत त्यात मिळवा. किंवा सरळ सांगा, ‘आठ-नऊ महिन्यांनी बोलू.’ किंचित रस असलेल्या माणसाचं हे अगदी प्रामाणिक उत्तर आहे आणि बरे रिक्रूटर ते तारखेसह लिहून ठेवतात.

नोटीस पिरियडबद्दलही तेच. तुमच्या पत्रात ९० दिवस लिहिले असतील तर ९० सांगा. ‘तीस दिवसांत येतो’ म्हणून बसलात आणि कंपनीने सोडलं नाही, तर उरलेल्या दिवसांचा पगार भरून सुटायची वेळ तुमच्यावर येते; ती सोय करारात आहे का आणि ते पैसे नवी कंपनी देणार का, हे आधी विचारायचं असतं. याच फोनवर आणखी एक प्रश्न येतो: ‘तुमच्या टीममधलं अजून कोणी बघतंय का?’ नावं देऊ नका. तुमच्या नावावर त्यांच्याकडे फोन गेला की ऑफिसात बातमी पसरायला दुपार पुरते.

आणि हे सगळं ऐकून घेतल्यावर नकोच वाटलं, तर गप्प राहू नका. ‘पगार आणि ठिकाण जमत नाही, अमुक भागात, अमुक फिक्स्डच्या वर काही असेल तर जरूर कळवा,’ एवढ्या दोन ओळी पुरतात. पुढच्या वेळी चुकीची जागा घेऊन तो तुमच्याकडे येणार नाही. लिंक्डइनवर ओळख नसलेल्याला इनमेल पाठवायला रिक्रूटर विकतचं क्रेडिट वापरतो, आणि ९० दिवसांत उत्तर आलं तर ते त्याला परत मिळतं, मग ते उत्तर नकाराचं का असेना.