छेदात काय धरलंय?

सोसायटीच्या इमारतीचं रंगकाम निघालं की चिटणीसांना दिवसातून चारदा एकच प्रश्न येतो: किती झालं? त्यावर हल्ली सापडलेला तोडगा म्हणजे गूगल शीट. त्यात कामांची यादी, प्रत्येक कामापुढे टिक करायचा चौकोन आणि वर एक हिरवी पट्टी असते. एक काम उरकलं की चौकोनावर टिक करायची, की पट्टी आपोआप पुढे सरकते. शीटची लिंक ग्रुपवर टाकली की प्रश्न थांबतात, निदान काही दिवस तरी.

हे तयार करायला अर्धा तास पुष्कळ झाला. समजा B रकान्यात दुसऱ्या ओळीपासून दहा कामं लिहिली आहेत: कोटेशन मागवणं, सभेची मंजुरी, करार, परांची बांधणं, सुटलेलं प्लास्टर काढणं, तडे भरणं, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, बाहेरून रंग, परांची उतरवणं आणि राडारोडा उचलणं. A रकान्यातले शेजारचे दहा कप्पे निवडून Insert मेनूतून Checkbox घ्यायचा. दिसायला तो नुसता चौकोन, पण शीटच्या लेखी त्या कप्प्यात एक किंमत असते. टिक असेल तर TRUE, नसेल तर FALSE. TRUE किती आहेत ते मोजायचं आणि एकूण कामांनी भागायचं, की टक्केवारी हाती येते. F1 या कप्प्यात हे सूत्र लिहायचं:

```
=COUNTIF(A2:A100,TRUE)/COUNTA(B2:B100)
```

कप्प्याला टक्केवारीचं रूप दिलं की चार कामं झाल्यावर 40% दिसेल. पट्टीसाठी शेजारच्या रुंद कप्प्यात:

```
=SPARKLINE(F1,{"charttype","bar";"max",1;"color1","green"})
```

यातला "max",1 हा तुकडा गाळू नये. पूर्ण काम म्हणजे 1 हे शीटला सांगितलं नाही, तर ती हाती असलेल्या एकुलत्या आकड्यालाच पूर्ण समजते आणि पट्टी पहिल्या दिवसापासून काठोकाठ भरलेली दिसते. एक्सेलमध्ये कंडिशनल फॉरमॅटिंगमधले Data Bars वापरले, तर तिथेही किमान 0 आणि कमाल 1 हाताने नेमून द्यावे लागतात. एक्सेलमध्ये कप्प्यातच बसणारा चौकोन मायक्रोसॉफ्ट 365 मध्ये 2024 साली आला. त्याआधीचे चौकोन कागदावर ठेवलेल्या नाण्यांसारखे शीटवर तरंगायचे, आणि प्रत्येकाला वेगळा कप्पा जोडून द्यावा लागायचा.

आता सूत्राकडे पुन्हा पाहू. अंशात टिका मोजल्या आहेत, पण छेदात कामांची नावं. छेदातही चौकोनच का मोजले नाहीत? पुढे कामं वाढतील म्हणून बरेच जण शंभराव्या ओळीपर्यंत चौकोन टाकून ठेवतात. COUNTA रिकामे नसलेले सगळे कप्पे मोजतं, आणि टिक नसलेला चौकोन रिकामा नसतो, त्यात FALSE असतं. मग छेद होतो 99. चार कामं संपूनही पट्टी 4 टक्क्यांवर बसलेली दिसली, तर आधी हे तपासावं. उलट टिका करूनही पट्टी 0 वरून हलत नसेल, तर चौकोनांना TRUE ऐवजी 'हो' किंवा 'झालं' अशी वेगळी किंमत कोणी दिलेली असते, किंवा दुसरीकडून चिकटवलेल्या यादीत बरोबरची खूण नुसती अक्षर म्हणून आलेली असते. COUNTIF तिला मोजत नाही.

इथवरच्या चुका डोळ्यांना दिसतात. खरा घोटाळा सूत्र बिनचूक असताना होतो. आपल्या यादीतली पहिली चार कामं पाहा. कोटेशनला तीन दिवस, सभेला एक, कराराला एक, परांचीला पाच. भिंतीला अजून कुणी हात लावलेला नाही आणि पट्टी म्हणते 40 टक्के. करारात पैसे टप्प्याटप्प्याने द्यायचे असतील, तर कंत्राटदार हीच पट्टी पुढे करून 40 टक्के मागू शकतो, आणि शीट सोसायटीचीच असल्यामुळे नाही म्हणणं अवघड जातं. कामांची संख्या मोजली की सभेची मंजुरी आणि आख्ख्या इमारतीचा रंग एकाच मापाचे ठरतात.

यावर उपाय म्हणजे C रकान्यात प्रत्येक कामाचे अंदाजे दिवस लिहिणं. पहिल्या चारांपुढे 3, 1, 1, 5. प्लास्टर काढायला 8, तडे भरायला 6, गच्चीला 10, रंगाला 13, परांची उतरवायला 2, राडारोड्याला 1. बेरीज 50. सूत्र होतं:

```
=SUMIF(A2:A100,TRUE,C2:C100)/SUM(C2:C100)
```

त्याच चार टिकांवर आता 50 पैकी 10 दिवस, म्हणजे 20 टक्के येतात. आधीच्या बरोबर निम्मे. पैशाचा हिशेब ठेवायचा असेल तर दिवसांच्या जागी त्या त्या कामाची ठरलेली रक्कम लिहावी, सूत्र तेच राहतं. कुठलं काम जास्त मोलाचं हे मात्र माणसालाच ठरवावं लागतं.

पुढे प्लास्टर काढून झालं. टिक केली, 18 दिवस भरले, पट्टी 36 वर आली. आणि आत सळया गंजलेल्या निघाल्या. जुन्या इमारतीत हे नवं नाही. सळयांच्या दुरुस्तीचे 7 आणि नव्या प्लास्टरचे 5 असे बारा दिवस यादीत वाढले, छेद 62 झाला आणि पट्टी 29 वर घसरली. काम पुढे गेलं, पट्टी मात्र मागे आली. अशा वेळी ग्रुपवर ओरड होते, आणि ती टाळायला नवी कामं यादीत न घालण्याचा मोह होतो. माझ्या मते घसरलेली पट्टीच खरं सांगते आहे. फक्त तिच्याशेजारी 18/62 असा अपूर्णांक लिहिलेला असावा. कालचा 18/50 होता हे ज्याला आठवतं, त्याला अंश जागेवर आहे आणि छेद वाढलाय हे लगेच कळतं.

शेवटच्या टप्प्यावर आणखी एक खोच आहे. काही जण SPARKLINE ऐवजी REPT वापरून दहा ठोकळ्यांची पट्टी करतात. छापायला ती सोपी पडते. फक्त राडारोडा उचलायचा राहिला आहे असं समजू. 62 पैकी 61, म्हणजे 98.4 टक्के. ROUND वापरलं असेल तर 9.84 चे 10 होतात, दहाही ठोकळे भरतात, आणि गेटजवळ विटांचा ढीग असताना शीट काम संपलं म्हणते. म्हणून तिथे खाली उतरवणारं INT वापरावं:

```
=REPT("█",INT(F1*10))&REPT("░",10-INT(F1*10))
```

मग दहावा ठोकळा शेवटच्या टिकेशिवाय भरत नाही. शीट ग्रुपवर देताना सर्वांना फक्त पाहण्याची परवानगी ठेवावी. बदल करण्याची परवानगी जागेवर जाऊन काम पाहणाऱ्या एकाच सभासदाकडे असावी, आणि त्याच्यासाठीही C रकाना व सूत्रांचे कप्पे Protect range ने कुलूपबंद करावेत. म्हणजे दिवसांचे आकडे बदलायचे झाले तर शीटच्या मालकाला, म्हणजे चिटणीसांना, विचारावंच लागतं.