जेवणाच्या टेबलावर बोलायची पाळी

पुण्याहून स्टुटगार्टला नोकरीसाठी गेलेल्या तरुण अभियंत्याला मीटिंगमध्ये बोलणे फारसे जड जात नाही. विषय आधी ठरलेला असतो आणि नाव घेऊन त्याला विचारले जाते. खरी पंचाईत दुपारी कँटीनमध्ये होते. ताट घेऊन तो सहकाऱ्यांच्या टेबलावर बसतो, एकमेकांना ‘मालत्साइट’ म्हणून होते आणि गप्पा सुरू होतात. त्याला विषय कळत असतो, सांगण्यासारखेही काहीतरी असते. तरी जेवण संपेपर्यंत तो गप्पच राहतो. याला बुजरेपणा म्हणून सोडून देण्याची पद्धत आहे, पण बहुतेक वेळा ते निदान चुकीचे असते.

गप्पांमध्ये बोलण्याची पाळी कशी फिरते, याचे नियम हार्वे सॅक्स, इमॅन्युएल शेग्लॉफ आणि गेल जेफरसन या अभ्यासकांनी 1974 मध्ये मांडले. बोलणारा माणूस प्रश्न विचारून किंवा कोणाकडे पाहून पुढची पाळी त्याला देऊ शकतो. तशी ती कोणालाच दिली नाही, तर जो आधी तोंड उघडेल त्याची पाळी. कोणीच बोलले नाही, तर पहिलाच माणूस पुढे बोलत राहतो. नवख्याकडे सहसा कोणी पाहत नाही. त्यामुळे ‘आधी बोलेल त्याची पाळी’ या एकाच वाटेने त्याला आत शिरावे लागते.

इथे वेळेचे गणित आडवे येते. जगातल्या दहा भाषांमधल्या संभाषणांचा तौलनिक अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंतचे अंतर त्यात सरासरी 200 मिलिसेकंदांच्या आसपास, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग इतकेच निघाले. उलट, समोरच्या चित्रातल्या वस्तूचे नाव उच्चारायलाही माणसाला साधारण 600 मिलिसेकंद लागतात, तेही स्वतःच्या भाषेत. याचा अर्थ, समोरचा अजून बोलत असतानाच ऐकणारा आपले वाक्य जुळवू लागलेला असतो. परक्या भाषेत ऐकणे आणि जुळवणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी पेलत नाहीत. त्यात कँटीनमधला ताटल्यांचा आवाज. आपल्या भाषेतला बुडालेला शब्द माणूस अंदाजाने भरून काढतो, परक्या भाषेत तो सहज निसटतो.

समजा, एक सहकारी रविवारी ब्लॅक फॉरेस्टमध्ये केलेल्या डोंगरभटकंतीबद्दल सांगतो आहे. आपल्या अभियंत्याला सिंहगड आठवतो. तो मनात वाक्य रचतो, काळ तपासतो, शब्द बदलतो. वाक्य तयार होते तेव्हा टेबलावर सायकलच्या टायरचा विषय निघालेला असतो. आता सिंहगड काढला तर तो भलतीकडेच जाईल, म्हणून तो गिळतो. असे चार दिवस झाले की सहकारीही त्याला बोलायचे नसेल असे धरून चालतात, आणि त्याच्याकडे वळणारी नजर आणखी कमी होते.

मोठे वाक्य तयार करण्याऐवजी लहान प्रश्न विचारणे इथे कामाला येते. ‘चढायला किती वेळ लागला?’ एवढा प्रश्न चटकन जुळतो आणि चुकला तरी समजतो. मुख्य म्हणजे प्रश्नाला उत्तर द्यावेच लागते. उत्तर देताना सांगणारा त्याच्याकडे पाहतो, आणि उत्तर ऐकल्यावर काहीतरी म्हणायची जागा आपोआप विचारणाऱ्याकडे येते. सिंहगडाचे वाक्य तिथे बसते. ते जुळवायला उत्तराएवढा वेळही मिळालेला असतो. सांगणारा बोलत असताना मान हलवणे, मधेच ‘अच्छा’ म्हणणे यांचाही उपयोग होतो. त्यातून ऐकणारा टेबलावर हजर असल्याचे दिसते आणि नजर त्याच्याकडे वळायला कारण मिळते.

बसायची जागाही महत्त्वाची. मोकळ्या गप्पांमध्ये एका संभाषणात साधारण चारच माणसे टिकतात, पाचवे आले की गट फुटू लागतो, असे रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1995 मध्ये दाखवले. आठ जणांच्या टेबलावर कोपऱ्यात बसणाऱ्याच्या वाट्याला म्हणूनच त्या टोकाचा एकच गट येतो आणि दुसरा हाती लागत नाही. मधली खुर्ची, आणि जास्त बोलणाऱ्याच्या शेजारी बसण्यापेक्षा समोर बसणे, हे सोयीचे. नजर समोर जाते.

या उपायांना मर्यादा आहे. सगळे टेबल स्थानिक श्वाबियन बोलीत शिरले, तर पुस्तकी जर्मन शिकलेल्याला प्रश्न विचारण्यापुरतेही कळत नाही. तेव्हा शेजारच्या एकाशी स्वतंत्र बोलणे सुरू करावे, किंवा सरळ प्रमाण जर्मनमध्ये बोलायची विनंती करावी. ती विनंती तिथे उद्धटपणाची मानली जात नाही. आणि टेबलावरच्या जुन्यांनी निदान एक करावे: नवख्याकडे पाहून प्रश्न विचारावा आणि उत्तरासाठी सेकंदभर जास्त थांबावे. पुण्यातल्या कँटीनमध्ये एखादा जर्मन किंवा तमिळ सहकारी मराठी गप्पांत गप्प बसलेला दिसला, तर तेवढे आपणही करावे.