इस्त्रीचा ताप आणि कापडाचा पोत

कपड्याच्या आतील लेबलवर इस्त्रीच्या चित्रात ठिपके असतात. एक ठिपका म्हणजे इस्त्रीच्या तळाचे तापमान जास्तीत जास्त सुमारे ११० अंश सेल्सिअस, दोन म्हणजे १५० आणि तीन म्हणजे २००. पॉलिएस्टरला सहसा एक किंवा दोन ठिपक्यांचा ताप पुरतो. रेशमाला मध्यमापेक्षा जास्त ताप नको. सुती आणि लिनन कापड तीन ठिपके सोसते. लिनन मात्र किंचित ओलसर असतानाच इस्त्री करावे, कारण वाळल्यावर त्याच्या सुरकुत्या हट्टी होतात.

जास्त तापाने सुती धागा करपून तपकिरी होतो, रेशीम पिवळे पडते, तर पॉलिएस्टर मऊ होऊन चकाकते किंवा चिकटते. वितळलेला धागा पूर्ववत होत नाही.

इस्त्री तापते लवकर, निवते उशिरा. म्हणून आधी पॉलिएस्टर, मग रेशीम, शेवटी सुती आणि लिनन, असा क्रम ठेवावा. सुती-पॉलिएस्टर मिश्र शर्टाला पॉलिएस्टरचाच ताप द्यावा. रेशीम उलट बाजूने, वर सुती फडके ठेवून इस्त्री करावे. इस्त्री एका जागी थांबवू नये आणि नवा कपडा आधी आतल्या शिवणीवर तपासून घ्यावा.