घरची महागाई वेगळी का निघते?

ऑक्टोबर २०२४ मध्ये देशातली किरकोळ महागाई ६.२१ टक्के होती. त्याच महिन्यात भाजीपाला मात्र आदल्या वर्षापेक्षा ४२ टक्क्यांनी महाग होता. ज्या घराची निम्मी कमाई मंडईत आणि किराण्यात जाते, त्या घराला सहा टक्के हा आकडा खोटाच वाटणार. तो खोटा नव्हता. पण तो नेमका कुणाच्या खर्चावरून निघतो, हे पाहण्यासारखं आहे.

ग्राहक किंमत निर्देशांक बांधताना आधी देशभरातल्या कुटुंबांची पाहणी होते आणि कोण कशावर किती खर्च करतं याची नोंद घेतली जाते. या सगळ्या खर्चाची बेरीज करून त्यात प्रत्येक वस्तूचा जो वाटा येतो, तो तिचा भार. ६.२१ हा आकडा २०१२ आधारवर्षाच्या मालिकेतला. तिच्यात अन्न आणि पेयांचा भार सुमारे ४६ टक्के होता, शिक्षणाचा साडेचार टक्क्यांच्या आत. पुढे दर महिन्याला ठरलेल्या गावांतून आणि शहरी बाजारांतून किमती गोळा होतात. भार तेच राहतात.

खरी मेख त्या बेरजेत आहे. समजा, एक घर महिन्याला १५,००० रुपये खर्च करतं आणि त्यातले ९,००० अन्नावर जातात. दुसऱ्या घराचा खर्च ६०,००० आणि अन्नाचे १८,०००. अन्न १० टक्क्यांनी आणि बाकी सगळं ३ टक्क्यांनी महागलं, तर पहिल्या घराची महागाई ७.२ टक्के, दुसऱ्याची ५.१. दोघांचा खर्च एकत्र केला की उत्तर येतं साधारण ५.५. दोन्ही घरांना सारखं मोजलं असतं, तर ते ६.१५ आलं असतं. पण इथे माणशी नव्हे, रुपयामागे मत आहे, म्हणून आकडा जास्त खर्च करणाऱ्या घराकडे झुकतो. अन्नधान्य भडकतं तेव्हा गरिबाची झळ त्यात कमी दिसते, ती यामुळे. मला हा या मोजणीतला सर्वांत गंभीर दोष वाटतो.

भार जुने होतात, हीदेखील अडचण आहेच. २०१२ च्या मालिकेचे भार २०११-१२ च्या पाहणीतले होते आणि दहा वर्षांहून अधिक काळ तेच चालले. शिवाय घराच्या कर्जाचा हप्ता निर्देशांकात धरतच नाहीत, कारण घर घेणं ही गुंतवणूक मानली जाते. शहरी घरांसाठी भाडं मोजतात. ग्रामीण निर्देशांकात या मालिकेत तेही नव्हतं.

आपल्या घरचा आकडा काढणं अवघड नाही. गेल्या वर्षीच्या खर्चाचे अन्न, भाडं, फी, औषधं, प्रवास असे गट पाडून प्रत्येकाचा वाटा काढायचा. मग त्या गटाची भाववाढ वाट्याने गुणून सगळ्यांची बेरीज करायची. तेवढ्याच मालाला किती जास्त पैसे पडले, एवढंच धरायचं. मुलगा वरच्या वर्गात गेला म्हणून वाढलेली फी ही भाववाढ नाही, त्याच वर्गाची फी वाढली तर ती आहे.